फोटोतली पाण्याची बाटली अस्सल कंपनीची आहे का?

पुढचं नाव आणि रंग सोडा. नक्कल नेमकी त्याचीच होते. पाहायचे ते मागचे बारीक अंक. लेबल गोल असल्याने एका फोटोत ते मावत नाही, म्हणून बाटली फिरवत तीन-चार फोटो मागवा, फ्लॅश बंद ठेवून. चमक नेमकी आकड्यांवर पडते आणि 3 चा 8 वाचला जातो.

आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक. वर IS 14543 असेल तर ते साधं पॅकेज्ड पिण्याचं पाणी. नैसर्गिक मिनरल वॉटरचा क्रमांक IS 13428. पुढे ‘मिनरल वॉटर’ आणि चिन्हावर 14543 दिसलं, तर लेबलच खोटं बोलतंय.

CM/L क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या BIS Care ॲपमधल्या Verify Licence Details मध्ये टाका. नुसता क्रमांक सापडला म्हणून खूश होऊ नका, दुसऱ्याचा खरा क्रमांक छापणं सोपं असतं. परवाना एका कारखान्यापुरता असतो, त्यामुळे उत्पादकाचं नाव आणि पत्ता लेबलशी ताडून पाहा, परवान्याची मुदत संपलेली नाही ना तेही बघा. ब्रँडचा मालक आणि बाटली भरणारा वेगळे असणं मात्र नेहमीचंच. जुळायला हवा तो भरणाऱ्याचा पत्ता.

सरबत किंवा सोड्याच्या बाटलीवर आयएसआय नसला तरी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक हवाच. तो foscos.fssai.gov.in वर शोधता येतो. आधी अंक मोजा: 13 भरले तर एक तरी वाचायचा राहिलाय.