क्लोजर मीटिंगच्या इतिवृत्तात उरलेली जोखीम कशी लिहावी

प्रकल्प संपताना उरलेल्या जोखमीपुढे ‘प्रोजेक्ट टीम’ असं लिहू नका. महिनाभरात ती टीम विखुरते आणि जोखीम बेवारस होते. पुढे प्रणाली चालवणाऱ्या विभागातल्या एका माणसाचं नाव लिहा. तो मीटिंगला हजर हवा आणि त्याने ‘हे माझ्याकडे’ असं तिथेच म्हणायला हवं.

समजा, नवं बिलिंग सॉफ्टवेअर सुरू झालं आहे. सर्व्हरच्या एसएसएल सर्टिफिकेटची मुदत चार महिन्यांनी संपते आणि नूतनीकरणाची सूचना व्हेंडरच्या इंजिनिअरच्या ईमेलवर जाते. ‘सर्टिफिकेटवर लक्ष ठेवणे’ ही नोंद इथे कुचकामी आहे. मुदतीची तारीख, नूतनीकरण कोण करणार, खर्च कोणत्या बजेटमधून आणि सूचनेचा पत्ता विभागाच्या सामाईक ईमेलवर कधी बदलणार, एवढं लिहा. हस्तांतराच्या यादीत अ‍ॅडमिन खातंही येईल, पण नव्या माणसाने स्वतः लॉगिन करून दाखवल्यावरच ‘मिळालं’ अशी खूण करा.

यातून मिळालेला धडा ‘समन्वय वाढवावा’ असा नको. ‘खरेदी आदेशाच्या नमुन्यात सामाईक ईमेलची अट घालणे’ असा लिहा, म्हणजे पुढच्या प्रकल्पात तो आपोआप लागू होतो.

सही घेताना काम बाकी असेल तर ‘सशर्त स्वीकृती’ लिहून अटी, तारखा आणि रोखून ठेवलेली रक्कम त्याच पानावर नोंदवा. अटी वेगळ्या ईमेलमध्ये राहिल्या की व्हेंडर बिनशर्त सही दाखवून अंतिम बिल मागतो.