बर्फ टाकला तरी निळं पाणी खाली का जात नाही? समुद्राच्या खोल प्रवाहाचा प्रयोग करताना या चुका टाळा

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला आठ दिवस राहिले होते. नववीच्या तीन पोरींनी माशांची जुनी काचेची पेटी आणली, त्यात मिठाचं पाणी भरलं आणि शाई घालून गोठवलेले निळे बर्फाचे खडे एका टोकाला सोडले. थंड पाणी बुडेल, तळानं दुसऱ्या टोकाला जाईल आणि थर्मोहॅलाइन अभिसरण, म्हणजे तापमान आणि मीठ यांच्या फरकानं होणारा समुद्राचा खोल संथ प्रवाह, डोळ्यांनी दिसेल असा बेत होता. बर्फ वितळला. निळं पाणी वरच पसरलं, एखाद्या झाकणासारखं.

"सर, हे तं खाली जाऊनच नाही राहिलं," एक पोरगी म्हणाली.

ही पहिली चूक आणि सगळ्यात जास्त होणारी. मीसुद्धा पूर्वी केली आहे. पेटीतलं पाणी खारं, बर्फ मात्र गोड्या पाण्याचा. त्याचा हिशेब आमच्या धानपट्ट्यातल्या पोरांना पटकन कळतो, कारण पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे वर काढायचं काम त्यांनी घरी पाहिलेलं असतं. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे ३ टक्के. समुद्राचं पाणी याहून थोडंच जास्त खारं, सरासरी साडेतीन टक्के. म्हणजे बापाच्या बादलीत अजून ५० ग्रॅम मीठ टाकलं की झाला समुद्र.

आता वजन बघा. २५ अंशांचं समुद्राचं एक लिटर पाणी साधारण १०२३ ग्रॅम भरतं. तेच ५ अंशांपर्यंत गार केलं की जवळपास १०२८. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी मात्र कितीही गार असलं तरी १००० ग्रॅमच्या वर जात नाही. ते खाऱ्या पाण्याखाली जाणार कसं? (घरच्या मिठाच्या पाण्यात हे आकडे एक-दोन ग्रॅमनं इकडेतिकडे होतात, हिशेब तोच राहतो.)

उपाय सोपा आहे. गार करायचं पाणीही पेटीतल्याइतकंच खारं घ्या, लिटरला ३५ ग्रॅम. ते बाटलीत भरून, शाई टाकून, बाटली बर्फाच्या बादलीत तासभर ठेवा. मग कागदी पेल्याच्या बुडाला टाचणीनं चार भोकं पाडा, पेला पेटीच्या कोपऱ्यात पाण्याला टेकवून धरा आणि त्यात हळूहळू ओता. वरून धार सोडली तर सगळं ढवळून निघतं आणि काहीच दिसत नाही. नीट केलं तर निळ्या दोऱ्या सरळ तळाला जातात आणि तळावरून दुसऱ्या टोकाकडे सरकतात.

पण फसलेला प्रयोग फेकून देऊ नका. आम्ही तो मुद्दाम शेजारी दुसऱ्या बरणीत मांडला. ग्रीनलँडचा बर्फ वितळून येणारं पाणी उत्तर अटलांटिकमध्ये नेमकं हेच करायची भीती आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथे कमी खारं पाणी वाहत आलं आणि ग्रीनलँड व कॅनडाच्या मधल्या लॅब्राडोर समुद्रात काही हिवाळे पाण्याचं खोलवर बुडणं जवळपास थांबलं. थंडी होतीच, मीठ कमी पडलं.

किती कमी पडलं की थांबतं, हे पेटीतही बघता येतं. गार बाटलीत ३५ ऐवजी ३० ग्रॅम मीठ घ्या, म्हणजे आपलं बियाण्याचंच द्रावण. पाणी २० अंशांनी गार केल्यानं जेवढं वजन वाढलं, तेवढं ५ ग्रॅम मिठानं जवळपास सगळं परत नेलं. निळं पाणी मग धड बुडतही नाही, धड तरंगतही नाही.

दुसरी चूक पुस्तकातून येते. दहावीत पाण्याचं असंगत आचरण शिकवतो, ४ अंशांना पाणी सर्वांत जड, त्याखाली पुन्हा हलकं. पोरं तेच समुद्राला लावतात आणि तक्त्यावर लिहून टाकतात की खोल समुद्राचं पाणी ४ अंशांवर थांबतं. हा नियम गोड्या पाण्याचा, आपल्या बोडीचा आणि तळ्याचा. लिटरमागे साधारण २५ ग्रॅमच्या वर मीठ असलं की पाणी गोठेपर्यंत जडच होत जातं, आणि समुद्राचं पाणी गोठतं उणे १.९ अंशांच्या आसपास. गोठताना बहुतेक मीठ बर्फाबाहेर टाकलं जातं, त्यामुळे बर्फाखालचं पाणी आणखी खारं आणि जड होतं. अंटार्क्टिकाभोवती तळाचं पाणी तयार होण्यामागे हेच मोठं कारण आहे.

यातच आणखी एक गंमत आहे. २५ अंशांच्या पाण्यात एका अंशाचा फरक लिटरमागे ०.३ ग्रॅम वजन हलवतो. शून्याजवळ तोच फरक ०.०५ ग्रॅमवर येतो. मिठाचा एक ग्रॅम मात्र दोन्हीकडे पाऊण ग्रॅमच्या वरच भरतो. म्हणून ध्रुवाकडे फैसला मीठ करतं. उत्तर पॅसिफिकही थंड आहे, पण त्याचं वरचं पाणी अटलांटिकपेक्षा कमी खारं, म्हणून तिथे पाणी तळापर्यंत बुडत नाही.

कधीकधी निळं पाणी अर्ध्यावरच थांबून आडवं पसरतं. मीठ नीट विरघळलं नसलं की असं होतं, तळाशी आधीच जास्त खारा थर बसलेला असतो. मीठ वेगळ्या भांड्यात, कोमट पाण्यात विरघळवून, निवळून मगच पेटीत ओता. तसं समुद्रातही होतं म्हणा. उत्तर अटलांटिकमध्ये बुडालेलं पाणी तळ गाठत नाही, अंटार्क्टिकाचं जड पाणी खाली असतं आणि हे त्याच्यावरून वाहतं.

शेवटची तक्रार हमखास येते. "सर, दहा मिनिटं चाललं अन् बंद पडलं." यात पोरींची चूक नाही. तळ निळ्या पाण्यानं भरला, वर कोमट पाणी राहिलं, मग नवीन पाणी बुडायला जागा कुठली? थंड पाणी खाली जातं तेवढंच पुन्हा वर आणणारं कोणीतरी लागतं. समुद्रात ते काम भरती-ओहोटी आणि वारा करतात. पाणी थोडंथोडं घुसळत राहतं, आणि अंटार्क्टिकाभोवतीचे जोरदार पश्चिमी वारे खोलचं पाणी वर ओढून घेतात. हा फेरा इतका सावकाश आहे की अटलांटिकमध्ये बुडालेलं पाणी पॅसिफिकच्या खोल भागात पोचायला हजारेक वर्षं लागतात. पेटीखाली दिवा लावून प्रवाह चालवणारे पाहिलेत मी, पण समुद्राखाली कोणी चूल पेटवलेली नाही.

आम्ही मग दूरच्या कोपऱ्यात एकीला चमचा घेऊन बसवलं. सावकाश खालवर ढवळायचं, पेटीच्या मधलं पाणी हलू द्यायचं नाही. दुसरीनं पेल्यात गार पाणी ओतत राहायचं आणि तिसरीनं नळीनं तेवढंच पाणी पेटीतून काढायचं. अर्धा तास चाललं. परीक्षकांनी चमच्याबद्दल विचारलं तेव्हा ती न थांबता म्हणाली, "मी वारा आहे सर."