पिनकोड उजवीकडून वाचायला शिका: मुंबईतल्या डिस्पॅच टेबलवरून

कुरिअर किंवा ऑनलाइन विक्रीच्या डिस्पॅचला नवीन मुलं रुजू झाली की त्यांना पहिल्यांदा पिनकोडचा तक्ता पाठ करायला लावतात. मी लावत नाही. सहा आकड्यांतला कुठला आकडा काय सांगतो आणि कुठे गप्प बसतो, एवढं कळलं तरी सुरुवातीला पुरतं.

आपल्याकडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासूनची. ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, म्हणजे आपल्याच माणसानं. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. दुसऱ्या आकड्यानं त्यातला उपविभाग कळतो, तिसऱ्यानं टपाल वर्गीकरणाचा जिल्हा. शेवटचे तीन आकडे थेट त्या पोस्ट ऑफिसचे, जिथून पोस्टमन टपाल वाटायला निघतो.

४०० दिसलं की मुंबई, असं सगळेच धरून चालतात, पण ते अर्धंच खरं आहे. ठाणे शहर ४००६०१, वाशी ४००७०३, म्हणजे टपालाचा जिल्हा आणि सरकारी जिल्हा एक नव्हे. उलट दहिसर ओलांडलं की लगेच मीरा रोड ४०११०७ होतं आणि डोंबिवली तर ४२१ मध्ये जाते. त्यामुळे पत्त्यात ‘मुंबई’ आणि पिनकोडात ४०१ दिसलं तर दचकू नका. मीरा रोडची माणसं सर्रास मुंबईच लिहितात.

खरी गंमत शेवटच्या तीन आकड्यांत आहे. मुंबईत एम. जी. रोड किती आहेत ठाऊक आहे? फोर्टात आहे, विलेपार्ले पूर्वेला आहे, घाटकोपर पूर्वेला, मुलुंड पश्चिमेला, कांदिवली पश्चिमेलाही आहे. पत्त्यात नुसतं ‘एम. जी. रोड, मुंबई’ असेल तर निवाडा पिनकोडच करतो. ४०००५७ असेल तर पार्ले पूर्व, ४०००७७ असेल तर घाटकोपर पूर्व, ४०००८० असेल तर मुलुंड पश्चिम.

आता ही केस बघा. लेबलवर ‘एम. जी. रोड, कांदिवली पश्चिम, मुंबई ४०००७६’. सिस्टीमनं हिरवी खूण दिली, कारण ४०००७६ हा खराखुरा पिनकोड आहे. पण तो पवईचा. कांदिवली पश्चिमेचा ४०००६७. टाइप करताना शेवटचे दोन आकडे उलटे पडले, बस. आधार किंवा बँक कार्डाच्या क्रमांकात अशी चूक पकडायला शेवटी एक तपासणीचा आकडा असतो, पिनकोडात तो नाही. त्यामुळे उलटा पडलेला पिनही बहुतेक वेळा कुठला तरी खरा पिन निघतो. ४०००६८ दहिसर, ४०००८६ घाटकोपर पश्चिम. ४०००५६ पार्ले पश्चिम, ४०००६५ आरे कॉलनी. पार्सल निमूटपणे पवईच्या बॅगेत जातं, तिथला डिलिव्हरी बॉय ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा मारतो आणि परतीचा खर्च आपल्या माथी येतो.

हे पकडायचं कसं? पिन एका बाजूला, भागाचं नाव दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही वेगवेगळे शोधा. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पिन टाकला की त्याखालच्या पोस्ट ऑफिसांची नावं येतात. पवईची नावं दिसली आणि पत्ता कांदिवलीचा असला की पार्सल बाजूला काढायचं. यादीत ‘डिलिव्हरी’ आणि ‘नॉन डिलिव्हरी’ असा फरकही असतो. नॉन डिलिव्हरी ऑफिसात काउंटर असतो, वाटप होत नाही.

मग ग्राहकाला फोन. इथे नवीन मुलं हमखास विचारतात, “तुमचा पिन ४०००७६ ना?” समोरचा घाईत “हो हो” म्हणतो आणि आपण होतो तिथेच. त्याऐवजी विचारा, “ताई, पिनकोड सांगता का?” आकडे त्यांच्या तोंडून येऊ द्या. पाठोपाठ पूर्व की पश्चिम तेही विचारा, कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रुळांच्या दोन बाजूंचे पिन वेगळे आहेत. कांदिवली पश्चिम ४०००६७, तर पूर्व थेट ४००१०१.

आकडे जवळचे म्हणून जागा जवळच्या, असंही समजू नका. ४०००६७ कांदिवली, ४०००६८ दहिसर, ४०००६९ अंधेरी पूर्व, आणि ४०००७० एकदम कुर्ला! एखादा आकडा पुसट असेल तर शेजारचा धरून अंदाज बांधू नये, तो इथे चालत नाही.

आणि पिन पोस्ट ऑफिसापर्यंतच नेतो. गल्ली, चाळ, विंग, मजला यातलं काहीच तो सांगत नाही. पिन अचूक असूनही खोली क्रमांक नसेल, तर फोन करावाच लागतो. दुरुस्त पिन मिळाला की जुन्या लेबलावर पेननं खाडाखोड करू नका, नवीन लेबल छापा. स्कॅनर बारकोडमधला जुनाच पिन वाचतो आणि पार्सल पुन्हा पवईला निघतं.