लोकर डाव्या हातात घेताना: उलट टाक्याचा फास

आपल्याकडे घरी आई-आजीकडून विणकाम शिकलेल्या बहुतेकींची लोकर उजव्या हातात असते. सुई टाक्यात घालायची, उजव्या हाताने लोकर सुईवरून फिरवायची, टाका ओढून घ्यायचा. ही इंग्लिश पद्धत. कॉन्टिनेंटलमध्ये लोकर डाव्या तर्जनीवर असते आणि उजवी सुई ती नुसती उचलून आणते. प्रत्येक टाक्याला लोकर फेकावी लागत नसल्याने विणून विणून दुखणारं उजवं मनगट आणि खांदा सुटतो. क्रोशे येत असेल तर निम्मं काम झालेलंच आहे, कारण तिथेही लोकर डाव्याच हातात असते.

पण दुखणं आपोआप जात नाही, ते जागा बदलू शकतं. तर्जनी उंच ताणून धरली तर दोन दिवसांत तिचा सांधा ठणकायला लागतो. लोकरीला करंगळीभोवती एक वेढा द्या, मधल्या दोन बोटांखालून आणा आणि तर्जनीवरून सोडा. पकड करंगळीची, तर्जनी फक्त वाट दाखवते. ती सुईच्या टोकापासून एक-दीड सेंटिमीटरवर, वाकलेली आणि सैल असावी. तर्जनीवर दोन वेढे देण्याचा सल्ला बऱ्याच जणी देतात. नवशिकीने तो ऐकू नये. त्याने लोकर अडते आणि बोट जास्तच ताठतं. सुरुवातीला रोज पंधरा मिनिटं पुरे. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील, तर पद्धत बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता खरा फास. सुलट टाका तासाभरात जमतो, उलट टाका रडवतो. उलट घालताना लोकर सुईच्या वरून, पुढून खाली यायला हवी आणि त्यासाठी तर्जनी दरवेळी खाली वाकवावी लागते. हात कंटाळतो आणि सोपी वाट शोधतो: सुईचं टोक लोकरीवरून नेऊन ती खालून खेचून आणायची. टाका पडतो, दिसतोही ठीक. पण तो सुईवर उलटा बसलेला असतो.

टाका सुईवर घोड्यावर बसल्यासारखा असतो, एक पाय पुढे, एक मागे. नेहमीच्या टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढे असतो. खालून खेचलेल्या उलट टाक्याचा उजवा पाय मागे जातो. पुढच्या सुलट सुईला सवयीने पुढच्याच पायात सुई घातली की टाक्याला पीळ बसतो. साध्या सुलट-उलट विणीत एकाआड एक ओळीत इंग्रजी व्हीचे पाय बुडाशी एकमेकांवर चढलेले दिसतात, कापड घट्ट होतं आणि तिरकं जायला लागतं. मग वाटतं, आपला हातच घट्ट आहे, आणि सुई जाड घेतली जाते. उपाय चुकला! ओळ संपली की थांबा, सुईवरचे पहिले दोन टाके बघा, उजवा पाय कुठे आहे ते पाहा.

पाय मागे असेल तर उसवायची गरज नाही. सुलट टाका मागच्या पायातून घाला, पीळ सुटतो. ही रीतसर पद्धत आहे, तिला कॉम्बिनेशन म्हणतात, आणि माझ्या मते असमान ताणावरचा हाच सगळ्यात चांगला इलाज आहे. नेहमीच्या उलट टाक्यात लोकर थोडी जास्त जाते, म्हणून उलट ओळी सैल पडतात आणि कापडाच्या मागच्या बाजूला दोन-दोन ओळींमध्ये आडव्या चरी दिसतात. खालून घेतलेल्या टाक्यात लोकर कमी लागते, म्हणून चरी भरून निघतात. ज्यांना हे नको, त्यांनी उलट ओळीला अर्धा मिलिमीटर बारीक सुई वापरावी.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. टाके कमी करताना दोन टाके मागच्या पायांतून एकत्र विणले की ते डावीकडे झुकतात. उजवीकडे झुकवायचे तर आधी दोन्ही टाके सुईवर फिरवून सरळ बसवावे लागतात. आणि गोल विणताना उलट ओळच नसते, तेव्हा सुलट पुन्हा पुढच्या पायातून. गोल विणीतल्या बॉर्डरला उलट टाका वरून लोकर आणूनच घाला.

चालू स्वेटरवर पद्धत कधीच बदलू नका. आठ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुयांवर ३० टाके घालून १२ सेंटिमीटर विणा, धुवून वाळवा, मग मधले १० सेंटिमीटर मोजा. समजा जुन्या पद्धतीने २२ टाके भरत होते आणि आता २० भरतात. फरक किरकोळ वाटतो, पण २०० टाक्यांचा घेर ९१ सेंटिमीटरऐवजी १०० होतो. अशा वेळी हात आवळू नका, तोच ताण पुन्हा मनगटात जाईल. सुई बदला: नऊ नंबर घ्या, तुकडा पुन्हा विणा. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, हे दुकानात लक्षात ठेवा.