हसणारा कुत्रा कुठल्या कार्टूनमधला? आवाजावरून आणि खोडीवरून कार्टून कसं ओळखायचं

आमच्या घरी लग्न असो की हुरडा, रात्री जेवणं झाली की कोणीतरी मला हाक मारतं. "ए, ते एक कार्टून होतं बघ, त्यात एक कुत्रं असं हसायचं..." आणि मग तो माणूस हसून दाखवतो. नाव आठवत नसतं, गोष्ट आठवत नसते, आठवतो तो फक्त नायकाच्या बगलेत फिरणाऱ्या जनावराचा आवाज.

आमच्या पिढीत हे जास्त आहे आणि त्याला कारण आहे. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ मध्ये आलं तेव्हा सगळं इंग्रजीत होतं. परभणीत केबलवर ते बघणाऱ्या आम्हा पोरांना त्यातलं एक वाक्य कळत नव्हतं. रात्री त्याच जागेवर इंग्रजी सिनेमे सुरू झाले की आम्ही उठायचो. त्यामुळे डोक्यात संवाद राहिलेच नाहीत. कोण कसा हसायचा, कोण कसा गुरगुरायचा, एवढंच राहिलं.

यावर नेहमी मिळणारा सल्ला म्हणजे "गूगलवर टाक, सापडतं". टाकून बघा. "हसणारा कुत्रा" म्हटलं की सगळ्यात प्रसिद्ध हसणारा कुत्रा वर येतो. तुमचा तोच असेल याची काही हमी नाही.

सोपी प्रकरणं आधी उरकतो. ते पात्र स्वतःचंच नाव वेगवेगळ्या सुरांत म्हणत असेल आणि गालातून वीज सोडत असेल तर पिकाचू. गोगलगाय असून म्याव करत असेल तर स्पंजबॉबचा गॅरी. घशातल्या घशात लाकूड खरवडल्यासारखा आवाज काढणारा, एरवी ढिम्म बसलेला निळसर प्राणी म्हणजे फिनीस अँड फर्बमधला पेरी. उंदराला घाबरणारा, पोटावरच्या खिशातून वस्तू काढणारा यंत्रमांजर ओळखायला तर कोणाची मदत लागत नाही. यांचे आवाज दुसऱ्या कोणाचे नाहीत, त्यामुळे इथे चूक होत नाही.

चूक होते ती हॅना-बार्बेरा या अमेरिकन स्टुडिओच्या जुन्या कार्टूनांत. तिथे एकच आवाज चार ठिकाणी भेटतो. डॉन मेसिक नावाच्या एका कलाकाराने त्यांच्या ढीगभर जनावरांना आवाज दिला. शब्दाच्या सुरुवातीला "र" लावून बोलणारा कुत्रा म्हटलं की लोक डोळे झाकून स्कूबी-डू म्हणतात. स्कूबी १९६९ चा. पण १९६२ च्या जेटसन्समधला ॲस्ट्रो तसाच बोलायचा आणि त्याचाही आवाज मेसिकचाच. या दोघांना वेगळं करणं तरी सोपं आहे. आजूबाजूला उडत्या गाड्या आणि कामवाली यंत्रबाई आठवली तर ॲस्ट्रो, भुताचा मुखवटा ओढून काढलेला आठवला तर स्कूबी.

खरी गोची हसण्याची आहे, आणि तिथेच मी तोंडावर पडलो.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत सेलूजवळ दाजींच्या शेतात हुरड्याला जमलो होतो. आगटी पेटलेली, ताटात गुळभेंडीचा हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी. दाजी म्हणाले, "एक मिशीवाला खलनायक होता आन् त्याचं कुत्रं असं हसायचं," आणि सायकलच्या पंपातून हवा गळावी तसं श्शी-श्शी-श्शी करून दाखवलं. दम्याच्या माणसाला हसू आवरू नये तसं. मी वाक्य पुरं व्हायच्या आत बोललो, "मटली. वॅकी रेसेस. १९६८." दाजी म्हणाले, "नाही, ते नव्हं." मी पैज लावली की पुढचा हुरडा माझ्याकडून.

भाच्याने मोबाइलवर वॅकी रेसेस लावलं. मिशीवाला डिक डॅस्टर्डली आला, शेजारी मटली बसलेला, हसलाही तसाच. दाजींनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "आवाज ह्योच. पण ह्यात गाड्या पळायल्यात. मी म्हणतो त्यात ते पोहायचे, उड्या मारायचे. आन् योगी अस्वल बी होतं."

वॅकी रेसेसमध्ये योगी नाही. पैज हरलो.

घरी येऊन शोधत बसलो तेव्हा कळलं की हे हसू मटलीच्या आधीचं आहे आणि नंतरचंही. १९६५ मध्ये प्रेशस पप नावाचा कुत्रा आला, तो असाच हसायचा. मग १९६८ मध्ये मटली. १९६९ मध्ये मटली आणि डॅस्टर्डली दुसऱ्या मालिकेत विमानांतून एका कबुतराच्या मागे लागले. १९७६ मध्ये मंबली नावाचा कुत्रा आला, दिसायला मटलीसारखा आणि हसायला तर हुबेहूब. सगळ्यांचा आवाज मेसिकचाच. म्हणजे ते हसू ऐकून तुम्हाला स्टुडिओ कळतो, कार्टून कळत नाही. कार्टून कळतं ते खोडीवरून. हे तेव्हा माहीत असतं तर माझा हुरडा वाचला असता.

आता मी काय करतो ते सांगतो.

आधी समोरच्याला आवाज काढायला लावतो. तो दूर असेल तर व्हॉट्सॲपवर बोलून पाठव म्हणतो. मी स्वतः आवाज काढून दाखवत नाही आणि क्लिप तर मुळीच लावत नाही. हे मी ठणकावून सांगतो, कारण निम्म्या चुका इथेच होतात. "हेच ना?" म्हणून क्लिप लावली की माणूस "हां, हेच" म्हणतो. दुसरी लावली तरी "हां, हेच". त्याची आठवण तुमच्या क्लिपने पुसली जाते आणि मग विचारायला काही उरत नाही. रंगही विचारू नका. आमच्याकडे बऱ्याच घरांत तेव्हा काळा-पांढरा टीव्ही होता. तरी लोक छातीठोकपणे "पिवळा होता" म्हणतात.

मग एकच प्रश्न विचारतो, पण नीट विचारतो. कुत्रं हसायचं ते कोणावर?

मटली स्वतःच्या मालकावर हसतो. डॅस्टर्डली शर्यतीत दुसऱ्यांसाठी सापळा लावतो, स्वतःच त्यात अडकतो, आणि त्याचा हा एकुलता एक साथीदार मदत करायची सोडून तोंडातल्या तोंडात हसतो. चिडला की तसाच पुटपुटतो, शब्द कळत नाहीत पण शिव्या आहेत हे कळतं. विमानांच्या मालिकेत त्याला मेडलची हाव आहे. कामाला लावायचं तर मेडल कबूल करावं लागतं, आणि मालक बिघडला की छातीवरची मेडलं ओरबाडून घेतो. तिथे तो शेपटी पंख्यासारखी फिरवून उडतोही. मेडल किंवा फिरती शेपटी ऐकली की पुढे विचारायची गरज नाही.

प्रेशस पप मालकावर हसत नाही. त्याच्या मालकीणबाई, ग्रॅनी स्वीट, एक भाबडी म्हातारी. तो तिच्या पाठीमागे उचापती करतो, दुसऱ्याची फजिती करून हसतो, आणि आजी वळली की देवळातल्या गाईसारखा चेहरा करून बसतो. कोणी "एक आजी होती" म्हणालं की मी मटलीचं नाव काढत नाही.

मंबली अंगात मळका रेनकोट घालून खटारा गाडीतून फिरणारा गुप्तहेर आहे. खरं तर तो कोणाच्या बगलेतला नाहीच, कार्टूनच त्याच्या नावाचं आहे. कुत्रं एकटंच चोरांच्या मागे लागतं असं ऐकलं की हा.

मग दाजींचं काय? मिशीवाला खलनायक मटलीकडे बोट दाखवत होता, योगी अस्वल भलतीकडे. उत्तर १९७७ च्या लॅफ-अ-लिंपिक्समध्ये निघालं. त्यात स्टुडिओच्या पात्रांचे तीन संघ खेळांच्या स्पर्धांत उतरतात. एका संघात योगीची मंडळी, दुसऱ्यात स्कूबीची, आणि तिसरा संघ लबाडांचा. या लबाडांत ड्रेड बॅरन नावाचा मिशीवाला आहे आणि त्याच्या जोडीला मंबली. लांबून बघितलं तर डॅस्टर्डली आणि मटलीच वाटावेत. गुप्तहेर असलेला मंबली इथे चक्क खलनायकाच्या गोटात गेलाय. म्हणजे मिशी, कुत्रं आणि हसू तिन्ही जुळूनही उत्तर चुकू शकतं. तेव्हापासून मिशीवाल्याचं ऐकलं की मी लगेच विचारतो, ते दोघेच होते की त्यांचा मोठा संघ होता? दोघेच आणि गाडी, तर वॅकी रेसेस. दोघेच आणि विमान, तर कबुतरवाली मालिका. संघ आणि गुण मोजणं, तर लॅफ-अ-लिंपिक्स.

एक अडचण राहते. दाजींनी नंतर असंही सांगितलं की ते कुत्रं शेपटी फिरवून उडायचं. हे लॅफ-अ-लिंपिक्समध्ये बसत नाही. अशा वेळी तिसरं कार्टून शोधत बसू नका. माणसाने दोन कार्टूनं एकत्र केलेली असतात. त्याला विचारायचं, "शेपटी फिरवायचं तेव्हा योगी तिथंच होता का?" दाजी थांबले. मग म्हणाले, "ते येगळं आसंल." दोन्ही आठवणी एकाच प्रसंगात नसतील तर त्या वेगळ्या धरा आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळी द्या.

कुत्र्याला खाऊ आवडायचा, एवढ्याने काही ठरत नाही, खाऊ स्कूबीलाही आवडतो. खाल्ल्यावर काय व्हायचं ते विचारा. बिस्किट खाऊन स्वतःलाच मिठी मारायची, वर उडायचं आणि पिसासारखं तरंगत खाली यायचं, हे क्विक ड्रॉ मॅकग्रॉमधल्या स्नफल्सचं काम आहे, १९५९ पासूनचं.

शेवटची खातरजमा आवाज बंद करून करायची. लोक हेच उलटं करतात. हसू तर सगळीकडे तेच, ते ऐकवलं तर माणूस कशालाही हो म्हणेल. मी पुढच्या जानेवारीत पैजेचा हुरडा घेऊन गेलो तेव्हा दाजींच्या हातात मोबाइल दिला, आवाज शून्यावर. लबाडांच्या संघाने शर्यतीत काहीतरी घोळ घातला आणि दाजी अंगठ्याने पडदा थांबवत म्हणाले, "ह्ये बघ. ह्योच." मग स्वतःच श्शी-श्शी करून हसले.