या चुका टाळा: गणितातली ‘गुळगुळीत’, ‘हलकी’ आणि ‘वस्तुमानरहित’ ही विशेषणं

‘गुळगुळीत टेबलावर ३ किलोचा ठोकळा ठेवला आहे. त्याला बांधलेली हलकी, न ताणली जाणारी दोरी टेबलाच्या कडेच्या वस्तुमानरहित कप्पीवरून खाली जाते. कप्पीच्या आसाला घर्षण नाही. दोरीच्या दुसऱ्या टोकाला २ किलोचा ठोकळा लोंबतो आहे. त्वरण आणि ताण काढा.’

असं गणित समोर आलं की बहुतेकांचे डोळे थेट ३ आणि २ वर जातात आणि विशेषणं वाचायची राहून जातात. वास्तविक त्यातल्या प्रत्येक विशेषणाने समीकरणातलं एकेक पद आधीच खोडून ठेवलेलं असतं. नेमकं कोणतं पद खोडलं, हे माहीत नसेल तर भलतंच पद खोडलं जातं.

आधी गणित सोडवू. g = १० मी/से² धरू.

```
3 किलो:  T = 3a
2 किलो:  20 − T = 2a
बेरीज:   20 = 5a,  a = 4,  T = 12
```

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे खालचा ठोकळा २ किलोचा म्हणून ताण थेट २० न्यूटन लिहिणं. ताण २० असता तर लोंबणाऱ्या ठोकळ्यावरचं निव्वळ बल शून्य झालं असतं आणि तो खाली यायला लागलाच नसता. T = mg हे लोंबणारा ठोकळा स्थिर असेल किंवा एकसमान वेगाने जात असेल तेव्हाच खरं. यात दोरीच्या हलकेपणाचा काही संबंध नाही.

‘गुळगुळीत’ म्हणजे बल नाही, असं नव्हे

गुळगुळीत पृष्ठभाग फक्त आपल्याला लंब दिशेने बल लावू शकतो. पृष्ठभागाला समांतर असलेलं बल, म्हणजे घर्षण, तेवढं जातं. लंब प्रतिक्रिया N = ३० न्यूटन जागच्या जागी असते. ती आडव्या दिशेच्या समीकरणात येत नाही, म्हणून काही जण ती आकृतीतूनही पुसून टाकतात. मग पुढच्या उपप्रश्नात घर्षण गुणांक ०.२ दिला की f = ०.२ × N लिहायला N च सापडत नाही. ती ठेवली असेल तर f = ६, त्वरण (२० − ६)/५ = २.८ मी/से² आणि ताण १४.४ न्यूटन.

गुळगुळीत उतारावरून सोडलेला चेंडू गडगडत नाही, नुसता घसरतो. त्याला फिरवायला लागणारा टॉर्क घर्षणातून येतो, आणि तेच इथे नाही. त्यामुळे त्याचं त्वरण ठोकळ्याइतकंच, g sin θ. भरीव गोल म्हणून गडगडण्यासाठीच्या ५/७ ने घाईघाईने गुणलं की उत्तर गेलं.

‘हलकी’ आणि ‘न ताणली जाणारी’ या दोन वेगळ्या गोष्टी

दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात, म्हणून ते एकच वाटतात. दोरी हलकी असेल तर तिच्या प्रत्येक सरळ तुकड्याच्या दोन टोकांचे ताण सारखे असतात. दोरी ताणली जात नसेल तर दोन ठोकळ्यांची त्वरणं जोडली जातात. पहिलं विशेषण बलांबद्दल बोलतं, दुसरं गतीबद्दल.

पहिल्याचं कारण न्यूटनच्या दुसऱ्या नियमात आहे. दोरीच्या कोणत्याही आडव्या, सरळ तुकड्यासाठी दोन टोकांच्या ताणांमधला फरक = (तुकड्याचं वस्तुमान) × a. उभ्या तुकड्यात त्याचं वजनही येतं, पण वस्तुमान शून्य धरलं की a कितीही असो, फरक शून्य. वजनदार दोरीने काय होतं ते पाहा. गुळगुळीत टेबलावरचा तोच ३ किलोचा ठोकळा अर्ध्या किलोच्या दोरीने आडवा ओढा, पुढच्या टोकाला १४ न्यूटन लावून. त्वरण १४/३.५ = ४. ठोकळ्यापर्यंत पोहोचतात फक्त १२ न्यूटन, कारण उरलेले २ न्यूटन दोरीलाच पळवण्यात खर्च होतात.

दोरीऐवजी हलकी स्प्रिंग लावली तर दोन्ही टोकांचं बल अजूनही सारखंच असतं, पण दोन ठोकळ्यांची त्वरणं सारखी राहत नाहीत. दोरी मात्र न ताणली जाणारी असली तरी ‘त्वरणं सारखी’ हे पाठ करून लिहू नका. सरकत्या कप्पीत दोरीचं एक टोक छताला बांधलेलं असेल, तर मोकळं टोक २ मीटर ओढल्यावर कप्पी १ मीटरच सरकते. त्वरणांचं प्रमाण तिथे २:१ असतं. एकूण लांबी कायम, एवढंच लिहायचं आणि त्यावरून नातं काढायचं.

कप्पी: इथे खरी गफलत होते

हलकी दोरी असली म्हणजे कप्पीच्या दोन्ही बाजूंचा ताण आपोआप सारखा, हा समज चुकीचा आहे. दोरी घसरत नसेल तर ती कप्पीला फिरवते, आणि फिरवायला ताणांमध्ये फरक लागतो. T1 हा टेबलाकडचा ताण, T2 खालच्या बाजूचा, R कप्पीची त्रिज्या, I तिचं जडत्व आघूर्ण आणि α तिचं कोनीय त्वरण:

```
(T2 − T1) R = I α,   α = a/R
```

वस्तुमानरहित कप्पीचं I शून्य, म्हणून T1 = T2. पण यासाठी आसाला घर्षणही नसावं लागतं, नाहीतर समीकरणाच्या डाव्या बाजूला आणखी एक टॉर्क येतो. समजा आपली कप्पी २ किलोची एकसमान तबकडी आहे. मग I/R² = १ किलो, आणि a = २०/(३ + २ + १) ≈ ३.३३. टेबलाकडचा ताण १०, खालच्या बाजूचा सुमारे १३.३ न्यूटन. आधी १२ आलेला ताण आता दोन तुकड्यांत फुटला.

‘गुळगुळीत कप्पी’ हा शब्द मला स्वतःला खटकतो, कारण त्यातून आस गुळगुळीत की खाच, ते कळत नाही. खाचच गुळगुळीत असेल तर दोरी घसरते, कप्पी फिरतच नाही, आणि ती कितीही जड असली तरी हलक्या दोरीचा ताण सारखाच राहतो.

जॉर्ज अ‍ॅटवूड यांनी १७८४ मध्ये आपल्या कप्पीच्या यंत्राचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांना असं कोणतंही विशेषण फुकट मिळालं नव्हतं. आसाचं घर्षण कमी करण्यासाठी त्यांनी तो आस दुसऱ्या चाकांवर टेकवला होता, आणि चाकांचं जडत्व हिशेबात धरलं होतं.

वस्तुमानरहित कप्पीवर बलच नाही, हीसुद्धा चूकच. तिच्यावरचं *निव्वळ* बल शून्य असतं. आपल्या उदाहरणात तिला एक ताण आडवा ओढतो, दुसरा खाली. दोघांचं मिळून १२√२, म्हणजे सुमारे १७ न्यूटन, आणि तेवढंच बल तिला धरून ठेवणारा क्लॅम्प उलट दिशेने लावतो.

दोरी सैल झाल्यावर

दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. उत्तरात T ऋण आला तर बेरीज-वजाबाकी तपासा. ती बरोबर असेल, तर दोरी ताणलेली आहे हे गृहीतच चुकलं: T = ० ठेवून दोन्ही ठोकळे वेगळे सोडवा.

हेच गणिताच्या मध्यावरही घडतं. २ किलोचा ठोकळा जमिनीपासून अर्धा मीटर वर असेल आणि सगळं स्थिर स्थितीतून सुटलं, तर जमिनीला टेकताना v² = २ × ४ × ०.५, म्हणजे वेग २ मी/से. त्याच क्षणी दोरी सैल पडते आणि ताण शून्य होतो. इथे पुष्कळ जण १२ न्यूटनच पुढे चालू ठेवतात. गुळगुळीत टेबलावरचा ठोकळा मात्र कप्पीपाशी पोहोचेपर्यंत २ मी/से याच वेगाने जात राहतो. घर्षण गुणांक ०.२ असता तर टेकतानाचा v² = २.८, त्यानंतरचं मंदन २ मी/से², आणि कप्पी तितकी दूर असल्यास ठोकळा आणखी ०.७ मीटर जाऊन थांबला असता.