स्वप्नाचा प्रसंग लिहिताना धुकं कशाला?

कथेत स्वप्न आलं की पहिल्या खर्ड्यात हमखास धुकं उतरतं. माझ्या एका कथेत ते असं होतं:

"सगळीकडे धुकं होतं. दूरवर बाबांसारखी कुणाची तरी आकृती दिसत होती. सुलभा हाका मारत होती, पण आवाज फुटत नव्हता."

हे स्वप्न कुणालाही पडू शकेल, सुलभाचं त्यात काहीच नाही. शिवाय "सारखी", "कुणाची तरी" हे शंकेचे शब्द आहेत आणि स्वप्नात सहसा शंकाच नसते. सर्वात ठसठशीत स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत मेंदूच्या पुढच्या भागातली, पडताळून पाहणारी केंद्रं मंदावलेली असतात. त्यामुळे वारलेले वडील समोर बसले तरी माणूस "हे कसं?" असं विचारत नाही. म्हणून "जणू", "वाटलं", "भासलं" आधी खोडा. "आश्चर्य म्हणजे" तर नक्कीच खोडा.

मग जागेपणीच्या प्रसंगाकडे परत जा, कारण स्वप्नाचा माल तिथेच असतो. माझ्या कथेत सुलभा वडिलांच्या मागे गावचं घर बंद करते आणि किल्ली तूरडाळीच्या डब्यात ठेवते. त्यावरून दुसरा खर्डा झाला:

"बाबा ओट्यावर बसून डाळ निवडत होते. किल्ल्या एकीकडे, खडे एकीकडे. 'आटप, घंटा होईल,' ते म्हणाले. आज सुलभाच्या मुलाचं लग्न होतं, म्हणून तिने पाटी ओली करून घेतली. मांडवात बाबांच्या शेजारची जागा तिचीच होती."

यातली प्रत्येक वस्तू लख्ख दिसते. बिघडलंय ते "म्हणून". लग्नाचा आणि ओल्या पाटीचा संबंध नाही, पण वाक्य तो असल्याच्या खात्रीने चालतं. ओट्यावरून मांडवात सुलभा चालत गेली नाही; "गेली", "पोहोचली" ही क्रियापदं मी मुद्दाम गाळली. वाक्यं मात्र साधी, छोटी ठेवली. भाषाही वेडीवाकडी केली असती, तर वाचकाला कशावरच पाय ठेवता आला नसता.

उत्साहात उडणारे मासे, वितळणारी घड्याळं, बोलणारा कुत्रा असं सगळं एकदम भरू नका. चार-पाच ओळींत एक-दोन विसंगती पुरतात, आणि त्या आधीच्या प्रसंगातल्या वस्तूंमधून आलेल्या असाव्यात. पानभर स्वप्न मला तरी जास्तच वाटतं, कारण तिथे कशाचेच परिणाम होत नाहीत हे वाचकाला लवकर कळतं.

जमलंय की नाही, हे तपासायला परिच्छेदातून "स्वप्न" हा शब्द काढा आणि तो कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारा "म्हणून"पाशी अडखळला, तर जमलं. "हे कधी घडलं?" असं विचारलं, तर विसंगती कमी पडली.

राहिलं घामाघूम होऊन दचकून उठणं. ते मी काढून टाकलं. मांडवाच्या ओळीनंतर एक ओळ मोकळी सोडली आणि पुढे लिहिलं: "सकाळी कुकर लावण्याआधी सुलभाने डाळ दोनदा निवडली."